पाऊल नाकारलं की दिशाही बदलते: ट्रस्ट रीजन हाताने लिहून काढताना

मोजमापांवर मॉडेल बसवणं आणि त्याचे पॅरामीटर शोधणं हे माझं रोजचं काम. त्यासाठी न्यूटनची पद्धत आणि तिच्या जोडीला लाइन सर्च, ही माझी नेहमीची हत्यारं. पण एका मॉडेलपाशी गाडी सारखी अडायची. सॉल्व्हर 'उत्तर मिळालं' म्हणून थांबायचा, ग्रेडियंट जवळजवळ शून्य असायचा, आणि हेसियन तपासला की त्याची एक आयगनव्हॅल्यू ऋण निघायची. म्हणजे आपण तळाशी पोचलेलोच नाही, सॅडल पॉइंटवर बसलो आहोत. तेव्हा ठरवलं की ट्रस्ट रीजन तयार लायब्ररीतून न घेता एकदा स्वतः लिहायचा, आणि तोही अशा छोट्या फंक्शनवर की प्रत्येक आकडा कागदावर पडताळता येईल.

फंक्शन घेतलं ते असं:

```
f(x, y) = x^4/4 - x^2/2 + y^2/2
```

याचे तळ दोन, (१, ०) आणि (−१, ०). दोन्हीकडे किंमत −०.२५. मधे (०, ०) वर सॅडल. सुरुवात केली (०.१, १) पासून. इथे f ची किंमत ०.४९५, ग्रेडियंट (−०.०९९, १) आणि हेसियनच्या कर्णावर −०.९७ आणि १. म्हणजे x च्या दिशेने पृष्ठभाग खाली वाकलेला आहे आणि y च्या दिशेने वर.

आधी नेहमीची पद्धत चालवली. न्यूटनचं पाऊल आलं (−०.१०२, −१). ते उताराच्या दिशेने आहे का? ग्रेडियंटशी गुणाकार −०.९९, म्हणजे आहे. पूर्ण पाऊल टाकून f कमी होतो का? ०.४९५ वरून थेट शून्यापाशी येतो. लाइन सर्चच्या सगळ्या अटी पहिल्याच फटक्यात पास, आणि आपण (−०.००२, ०) वर, म्हणजे सॅडलच्या दारात. तिथे ग्रेडियंट उरतो फक्त ०.००२. थांबण्याची मर्यादा ०.०१ ठेवली असेल तर सॉल्व्हर इथेच 'झालं' म्हणून सांगतो. माझ्या मोठ्या मॉडेलमध्ये काय घडत होतं ते इथे दोन ओळींत दिसलं. x मध्ये पाऊल चुकीच्या बाजूला पडलं होतं, पण y मधली घट एवढी मोठी होती की ती चूक बेरजेत झाकली गेली.

मर्यादा कडक ठेवली तर पुढच्या पावलाला न्यूटनची दिशा चढाची निघते आणि लाइन सर्चच्या हाती काहीच राहत नाही, कारण चढाच्या दिशेने पाऊल कितीही आखूड केलं तरी f कमी होत नाही. यावरचा रूढ उपाय म्हणजे हेसियनच्या कर्णावर एक धन आकडा मिळवायचा, इतका की सगळ्या आयगनव्हॅल्यू धन व्हाव्यात. आपल्या उदाहरणात ०.९७ पेक्षा मोठा कुठलाही आकडा चालतो. मी ०.९८ घेऊन पाहिलं. दिशा आली (९.९, −०.५०५): x मध्ये प्रचंड लांब, y मध्ये आखूड. लाइन सर्च ती निम्मी करत गेला. पूर्ण नाही, अर्धी नाही, पाव नाही, आठवा हिस्सा मान्य. पोचलो (१.३४, ०.९४) वर, f ची किंमत ०.३४.

हे पाऊल मी बराच वेळ न्याहाळत बसलो. x ची लांबी जास्त झाली म्हणून पाऊल छाटलं, हे बरोबरच. पण त्या छाटणीत y चा हिस्साही आठव्या भागावर आला, आणि y बद्दल तर ग्रेडियंट आणि हेसियनवरून बनणाऱ्या वर्गीय मॉडेलचं म्हणणं पूर्ण खरं होतं. लाइन सर्च दिशा आधी ठरवतो आणि मग त्याच रेषेवर मागेपुढे सरकतो. एका घटकाचं खापर सगळ्यांवर फुटतं ते त्यामुळे.

ट्रस्ट रीजनमध्ये क्रम उलटा आहे. आधी ठरवायचं की सध्याच्या बिंदूपासून किती अंतरापर्यंत वर्गीय मॉडेलवर विश्वास ठेवायचा, म्हणजे त्रिज्या Δ. मग त्या वर्तुळाच्या आत मॉडेलची सर्वात कमी किंमत कुठे येते ते शोधायचं. दिशा आणि लांबी दोन्ही एकदमच ठरतात. आणि वर्तुळ बंदिस्त असल्यामुळे मॉडेल खाली वाकलेलं असलं तरी प्रश्नाला उत्तर असतंच. ऋण आयगनव्हॅल्यूला घाबरायचं कारण उरत नाही.

गणितात ते असं उतरतं की पाऊल p साठी `(B + λI) p = -g` हे समीकरण सोडवायचं. B म्हणजे हेसियन, g म्हणजे ग्रेडियंट, I म्हणजे एकक मॅट्रिक्स. λ शून्य किंवा धन, आणि B + λI ची एकही आयगनव्हॅल्यू ऋण नको. हेसियनच्या सगळ्या आयगनव्हॅल्यू धन असतील आणि न्यूटनचं पाऊल वर्तुळाच्या आतच मावत असेल तर λ शून्य. नाहीतर पाऊल बरोबर कडेवर पडेल इतका λ. म्हणजे मघाशी मी अंदाजाने टाकलेला ०.९८ हाच तो λ, फक्त इथे तो आपण निवडत नाही, त्रिज्या निवडते. १९४४ मध्ये लेव्हेनबर्ग आणि १९६३ मध्ये मार्क्वार्ट यांनी लीस्ट स्क्वेअर्ससाठी हा आकडा थेट कमीजास्त केला होता. λ म्हणजे किती, याची जाण माणसाला नसते. 'इथून एक एककापर्यंत' ही जाण मात्र असते. मला त्रिज्येची भाषा आवडते ती याचसाठी.

सुरुवातीला Δ = २ ठेवला. λ आला १.०२१ आणि पाऊल (१.९४, −०.४९). मॉडेल म्हणालं की f २.३९ ने कमी होईल. प्रत्यक्षात तो ०.४९५ वरून २.३६ वर चढला, कारण x इतका वाढला की चौथ्या घाताने उचल खाल्ली आणि वर्गीय मॉडेलला तो घात माहीतच नाही. प्रत्यक्ष घट भागिले अपेक्षित घट, म्हणजे ρ, निघाला −०.७८. पाऊल नामंजूर, त्रिज्या निम्मी.

Δ = १ वर λ झाला १.०८३ आणि पाऊल (०.८८, −०.४८). इथे थांबून बघण्यासारखं आहे. x चा हिस्सा निम्म्याहून कमी झाला, y चा जवळजवळ तेवढाच राहिला. आधीचं पाऊल x अक्षाच्या १४ अंश खाली जात होतं, हे जवळजवळ २९ अंश. त्रिज्या अजून लहान करत गेलो तर पाऊल वळत वळत थेट उताराच्या दिशेला, ८४ अंशांवर जाऊन टेकतं. नामंजुरीनंतर पाऊल नुसतं आखूड होत नाही, ते वळतं, आणि ज्या बाजूला मॉडेलच्या वाकावर फार भिस्त होती तिथूनच माघार घेतं.

नवा बिंदू (०.९८, ०.५२), f ची किंमत −०.११४. लाइन सर्चचं ०.३४ आठवा. अपेक्षित घट ०.८२, प्रत्यक्ष ०.६१, ρ = ०.७४. मंजूर, पण त्रिज्या वाढवण्याइतकं चांगलं नाही. पुढच्या पावलाला हेसियन धन झाला होता, न्यूटनचं पाऊल ०.५२ लांबीचं म्हणजे वर्तुळाच्या आत, λ शून्य, ρ जवळजवळ १. पोचलो (१.०००८, ०) वर. शेवटच्या टप्प्यात वर्तुळ आपोआप बाजूला होतं आणि न्यूटनचा वेग जसाच्या तसा मिळतो.

त्रिज्येचा हिशेब एवढाच आहे:

```python
rho = (f(x) - f(x + p)) / -(g @ p + 0.5 * p @ B @ p)
if rho < 0.25:
    delta *= 0.5
elif rho > 0.75 and np.linalg.norm(p) > 0.99 * delta:
    delta = min(2 * delta, delta_max)
if rho > 0.1:
    x = x + p
```

कडेला टेकल्याची अट का, हे नीट समजून घ्यावं. पाऊल वर्तुळाच्या आतच संपत असेल तर त्रिज्येने कोणाला अडवलेलंच नाही. मग ती वाढवून मिळणार काय? नामंजुरीनंतर ग्रेडियंट आणि हेसियन पुन्हा काढावे लागत नाहीत, हेही लक्षात असू द्या. नव्या त्रिज्येसाठी फक्त λ नव्याने शोधायचा.

तो λ शोधणं हीच या कामातली खरी मेहनत. ‖p‖ = Δ हे समीकरण जसंच्या तसं न्यूटनने सोडवायला घेतलं तर ०.९७ च्या जवळ ‖p‖ अनंताकडे धावतो आणि हिशेब भरकटतो. त्याऐवजी 1/‖p‖ = 1/Δ असं लिहायचं. त्याचा आलेख जवळजवळ सरळ रेषा असतो आणि उत्तर मोजक्या फेऱ्यांत येतं. मोरे आणि सोरेनसेन यांच्या १९८३ च्या कामातली ही रीत आहे. प्रत्येक फेरीत B + λI ची चोलेस्की फोड करायची. फोड अडली तर λ अजून लहान आहे, असा सरळ इशारा मिळतो.

एक अवघड जागा मात्र मुद्दाम तपासावी लागली. सुरुवात (०, १) पासून केली तर ग्रेडियंट (०, १) येतो आणि ऋण वाकाच्या दिशेने त्याचा हिस्सा शून्य. λ = १ पर्यंत खाली आलं तरी पाऊल फक्त (०, −०.५) मिळतं; Δ = १ असेल तर कड गाठलीच जात नाही. इथे λ = १ वर थांबून उरलेली लांबी त्या आयगनव्हेक्टरच्या दिशेने भरायची: पाऊल (०.८६६, −०.५), ρ = ०.८१. नेमका शून्य प्रत्यक्षात क्वचितच येतो, पण सममिती असलेल्या मॉडेलमध्ये येतो, आणि माझं मॉडेल सममितीचंच होतं.

मग हे सगळं मूळ मॉडेलला लावलं. SciPy मध्ये यासाठी `trust-exact` आहे (`dogleg` नको, त्याला धन हेसियनच लागतो), आणि ρ पाव भागाखाली गेला की तिथे त्रिज्या निम्मी नाही, पाव होते. सॅडल सुटलं. पण वेग वाईट, पावलं कायम कडेवर. कारण माझा एक पॅरामीटर हजारांत आणि दुसरा हजाराव्या भागात होता. न्यूटन आणि लाइन सर्चला एककं बदलल्याने फरक पडत नाही. ट्रस्ट रीजनला पडतो, कारण वर्तुळ कोणत्या एककात गोल आहे यावर सगळं अवलंबून आहे. प्रत्येक पॅरामीटरला त्याच्या नेहमीच्या आकाराने भागून घेतलं, तेव्हा त्रिज्येला अर्थ आला.

शेवटी आणखी एक लक्षण नोंदवतो, कारण त्याने मला बराच वेळ गोंधळात ठेवलं. तळाच्या अगदी जवळ प्रत्यक्ष घट ही दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी असते, तिच्यात राउंडिंगचाच आवाज उरतो आणि ρ काहीही येतो. ग्रेडियंट बारीक आहे, आयगनव्हॅल्यू धन आहेत, आणि तरी पावलं नामंजूर होत त्रिज्या कोसळते आहे असं दिसलं तर दोष मॉडेलचा नाही. तिथे अपेक्षित घट f च्या किमतीच्या राउंडिंगइतकी लहान झाली का हे तपासावं, आणि झाली असेल तर थांबावं.