खारट पापा

मे महिन्यातली गोष्ट. सात महिन्यांची मुलगी, वजन ४.९ किलो. रात्रीच्या रेसिडेंटने केसपेपरवर लिहिलं होतं : जुलाब, डिहायड्रेशन. सकाळच्या राउंडला रक्ततपासणीचा एबीजी रिपोर्ट हातात घेतला आणि थबकलो. पीएच ७.५३, बायकार्बोनेट ३६, सोडियम १२२, क्लोराइड ७६. जुलाबाने सुकलेल्या बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं, इथे उलटंच होतं. लघवीतलं क्लोराइड जवळपास नव्हतंच, म्हणजे मूत्रपिंड मीठ धरून ठेवत होतं. मग ते जात कुठून होतं?

आईला विचारलं, "पापा घेतला की खारट लागतो का?" ती दचकली. "सासूबाई म्हणायच्या, पण हसतील म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही."

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर हे क्लोराइडचं दार नीट चालत नाही. घाम वाहून येताना त्यातलं मीठ परत शोषलं जात नाही. फुप्फुसात आणि स्वादुपिंडात तोच दोष स्राव घट्ट करतो. म्हणून मीठही जात होतं आणि शीही तेलकट होती. घाम चाचणीत दोन्ही हातांवर क्लोराइड ९० च्या वर आलं. ६० पासून पुढे निदान पक्कं धरतात.

जुनी फाइल चाळली. दोन "न्यूमोनिया", दुसऱ्या एका दवाखान्यात चालू केलेलं एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, आणि फेब्रुवारीतला आमच्या ओपीडीचा कागद : "वजन वाढत नाही, वरचं खाणं लवकर सुरू करा." अक्षर माझं.

घशाच्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास हा जंतू निघाला. रेसिडेंट पोरं जंतूंचा पुस्तकातला क्रम सांगू लागली : आधी स्टॅफ आणि हिमोफिलस, स्यूडोमोनास नंतर. बरोबर आहे, पण निदान लांबलं आणि वॉर्डाच्या वाऱ्या वाढल्या की तो आधीच येऊन बसतो. कल्चर प्लेटवर तो अजून बुळबुळीत झालेला नव्हता. याच टप्प्यावर त्याला हुसकता येतं, म्हणून टोब्रामायसिनची वाफ २८ दिवस दिली. एकदा चिकट थर धरून बसला, की आयुष्यभर फक्त दाबून ठेवायचा.

जनुकीय तपासणीत एक प्रत एफ५०८डेल, दुसरी स्टॉप म्युटेशन. "सर, मग नवं औषध चालणार नाही?" चालेल. स्टॉपच्या प्रतीतून कामाचं प्रथिन बनतच नाही, दुरुस्त काय करणार? पण एफ५०८डेलचं बनतं, फक्त वाकडं घडतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही. एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर त्याला तिथवर नेतात, आयव्हाकाफ्टर दार उघडं ठेवतं. अशी एक प्रत पुरते. अमेरिकेत हे त्रिकूट वयाच्या दोन वर्षांपासून पुढे देतात. खराब झालेलं फुप्फुस मात्र त्याने नवं होत नाही, आणि यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय : टीबीच्या रिफाम्पिसिनसोबत देऊ नये. ते रक्तातलं आयव्हाकाफ्टरचं प्रमाण पार खाली आणतं, आणि आपल्याकडे अशा मुलांना एकेटी द्यायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात.

वडील रिक्षा चालवतात. त्यांनी महिन्याचा खर्च विचारला, मी आकडा सांगितला. "वर्षाचा ना?" म्हणाले.