मिरजेच्या पूर्वेस, एप्रिलमध्ये: फॅन-पॅड पॉलिहाऊसमधील चालू-बंदचे टप्पे

फॅन-पॅड पॉलिहाऊस म्हणजे एका बाजूच्या ओल्या पॅडमधून पंख्यांनी हवा आत ओढून गार ठेवलेले प्लास्टिकचे हरितगृह. सांगली जिल्ह्यात ते पाहायचे असेल, तर एप्रिलमध्ये, भर दुपारी आणि जिल्ह्याच्या पूर्व भागात पाहावे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात हवा थोडी दमट असते. मिरजेहून कवठेमहांकाळच्या दिशेने निघाले की ती झपाट्याने कोरडी होत जाते आणि पॅडची खरी परीक्षा तिथेच होते. आम्ही काही जरबेरा उत्पादक सकाळी लवकर मिरज सोडून रत्नागिरी-नागपूर महामार्गाने त्या बाजूच्या एका शेतावर गेलो. आठच्या आत पोहोचणे महत्त्वाचे होते, कारण एकेक टप्पा सुरू होताना पाहायचा होता. दुपारी बारा वाजता जाणाऱ्याला सगळे पंखे आणि पंप चालू असलेलेच दिसतात आणि त्यामागचा क्रम त्याच्या हाती लागत नाही.

पॉलिहाऊस १० गुंठ्यांचे, म्हणजे २८ मीटर रुंद आणि ३६ मीटर लांब आहे. एका रुंद बाजूला १०० मिलिमीटर जाडीचे, १.२ मीटर उंचीचे पॅड सुमारे २७ मीटर लांबीत बसवले आहेत आणि समोरच्या बाजूला ५० इंची चार पंखे आहेत. प्रत्येक चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे अडीच घनमीटर हवा हा प्रचलित हिशेब धरला, तर एवढ्या जागेला जवळजवळ २,५०० घनमीटर हवा लागते. चार पंखे मिळून तेवढी ओढतात आणि आतली सगळी हवा साधारण दोन मिनिटांत बदलते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण फॉगरच्या, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या नोझलच्या, वेळा पुढे त्याच्यावरच ठरतात.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही सावलीत मोजमाप घेतले. बाहेर तापमान ३९ अंश, आर्द्रता २० टक्के आणि ओल्या कापडाच्या तापमापीवर, म्हणजे वेट बल्बवर, २२ अंश होते. पॅडमधून येणारी हवा या २२ अंशांच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. चांगला पॅड ३९ आणि २२ यांच्यातील १७ अंशांच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के फरक कापतो. आम्हाला पॅडच्या आतल्या बाजूला २५.५ अंश मिळाले, म्हणजे साडेतेरा अंशांची घट, आणि पॅड निरोगी असल्याची खात्री पटली. तीच हवा पिकावरून पंख्यांकडे जाताना उन्हाची उष्णता गोळा करते. मधल्या बेडवर २८.५ आणि पंख्याजवळ ३१ अंश भरले. पॅड आणि पंखा यांच्यातला हा पाच-साडेपाच अंशांचा उतार कोणताही कंट्रोलर पुसू शकत नाही. तो कमी करायचा तर जास्त हवा खेळवावी लागते किंवा वर शेडनेट ओढून ऊनच कमी करावे लागते.

टप्प्यांचा क्रम याच उतारावरून समजतो. या शेतावर तापमान २६ अंशांवर गेले की पहिला आणि तिसरा पंखा सुरू होतो आणि २४.५ ला बंद होतो. २८ अंशांवर उरलेले दोन पंखे सुरू होतात, ते २६.५ ला थांबतात. २९ वर पॅडचा पंप सुरू होतो आणि २७ ला बंद होतो. बंद होण्याचा क्रम आपोआप उलटा लागतो: आधी पाणी, मग दोन पंखे, मग उरलेले दोन. सकाळी नऊच्या सुमारास पहिल्या टप्प्याचे दोन पंखे लागले. बाहेरची हवा तोपर्यंत गार असल्याने पाण्याची गरजच नव्हती, आणि हा टप्पा पाण्याविना निभावला की पॅडही तेवढा वेळ कोरडा राहतो.

वीज वाचवण्यासाठी अनेकजण दोनच पंख्यांवर पॅड चालवतात. आम्ही मालकांना मुद्दाम विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पाणी सोडायच्या आधी हवा पुरी करायची, दादा. अर्ध्या हवेवर पॅड चालवला तर पुढची ओळ गारठते आणि मागची भाजते.” हिशेबाने पाहता ते बरोबर आहे. हवा अर्धी झाली की तीच उष्णता अर्ध्या हवेत मावते, म्हणून साडेपाच अंशांचा उतार अकरा अंशांवर जातो. पॅडजवळ २५ आणि पंख्याजवळ ३६ अंश. मधला सेन्सर मात्र तीस-एकतीसच दाखवत राहतो, त्यामुळे कंट्रोलरवरच्या आकड्यावरून हा बिघाड कळत नाही. तो कळतो फुलांवरून: पंख्याकडच्या बेडवर दांडे आखूड राहतात आणि फुले लहान निघतात.

चालू आणि बंद यांच्यातील अंतर पंख्यांसाठी दीड अंश आणि पंपासाठी दोन अंश का, हेही तिथे उभे राहिल्यावर स्पष्ट झाले. पंख्याचा परिणाम एक-दोन मिनिटांत जाणवतो आणि पंखा थांबताच संपतो. पॅडला मात्र वरपासून खालपर्यंत भिजायला काही मिनिटे लागतात आणि पंप थांबला तरी ओला पॅड बराच वेळ गारवा देत राहतो. पंपाला अर्ध्या अंशाचे अंतर दिले, तर पॅड भिजायच्या आत तो बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो. पंपाची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर झिजतो, पॅड अर्धवट ओला-सुका होत राहतो आणि त्यावर क्षाराचे थर चढतात. म्हणूनच इथे अंतराबरोबर एक वेळेची अटही घातली आहे: पंप एकदा सुरू झाला की किमान दहा मिनिटे चालतो. साडेदहा ते अकरा या वेळात तो काही वेळा चालू-बंद झाला; त्यानंतर दुपार सरेपर्यंत थांबला नाही, आणि एप्रिलमध्ये तसेच अपेक्षित आहे.

पाण्याची तरतूद मात्र अनेकांच्या अंदाजपत्रकात कमी पडते. अशा दुपारी या पॅडमधून तासाला आठशे ते नऊशे लिटर पाणी वाफ होऊन जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीत साठत राहतात. बोअरचे पाणी जड असेल, तर टाकीतले थोडे पाणी सतत बाहेर सोडावे, नाहीतर एका उन्हाळ्यातच पॅडच्या कडा पांढऱ्या आणि कडक होतात. वरच्या पाइपाची छिद्रे बुजली की पॅडवर उभे कोरडे पट्टे पडतात, आणि हवा वाट सोपी म्हणून नेमकी त्याच पट्ट्यांतून गरम आत शिरते. आतल्या बाजूने पॅडसमोर तापमापी धरून हळूहळू चालत गेल्यास असा पट्टा लगेच सापडतो; आम्हाला एका ठिकाणी ३३ अंश मिळाले.

फॉगरची गोष्ट वेगळी आहे आणि ती तापमानाशी कमी, आर्द्रतेशी जास्त जोडलेली आहे. पॅड चालू असताना मधल्या भागात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून दुपारी फॉगर एकदाही सुरू झाला नाही. त्याची वेळ येते ती सकाळी, दोनच पंखे चालू असताना, किंवा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी. अट अशी आहे: पंप बंद असला पाहिजे, आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेलेली असली पाहिजे आणि वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार यांमधली असली पाहिजे. या अटींत फॉगर दहा सेकंद चालतो, चार मिनिटे थांबतो, आणि आर्द्रता ६० वर गेली की पुढचे झटके बंद होतात.

दहा सेकंद फारच कमी वाटतात, म्हणून हिशेब मांडून पाहू. चार तोंडांचे शंभर फॉगर, प्रत्येकी ताशी २८ लिटर, म्हणजे दहा सेकंदांत जेमतेम आठ लिटर. पण हे आठ लिटर पूर्ण वाफ झाले, तर आतल्या सगळ्या हवेचे तापमान तीन-चार अंशांनी उतरते आणि ४० टक्क्यांची आर्द्रता पंचावन्नच्या पुढे जाते. तीस सेकंद चालवल्यास जास्तीच्या पाण्याला हवेत जागा उरत नाही आणि ते पाकळ्यांवर बसते. कमी दाबाच्या फॉगरचे थेंब तसेही मोठे असतात. चार मिनिटांची विश्रांतीही मनाने ठरवलेली नाही: दोन पंख्यांवर हवा बदलायला सुमारे तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे पुढचा झटका नव्या, कोरड्या हवेत पडतो. चारनंतर फॉगर बंद ठेवण्याचे कारण बोट्रायटिस ही बुरशी आहे. ओली फुले घेऊन रात्र काढली की पाकळ्यांवर ठिपके येतात आणि माल बाजारातून परत फिरतो. थेंब गळू न देणारा व्हॉल्व्ह प्रत्येक फॉगरला आहे ना, हे पाहावे. तो नसेल तर झटका संपल्यावर लाइनमधले पाणी थेट बेडवर टपकत राहते.

या सगळ्या आकड्यांना अर्थ येतो तो सेन्सर योग्य जागी असेल तरच. इथे तो मधल्या बेडवर, फुलांच्या उंचीवर, लहान पंखा बसवलेल्या पांढऱ्या डबीत आहे. आम्ही आमचा तापमापी डबीबाहेर उन्हात धरला, तेव्हा तो चार अंश जास्त दाखवू लागला. असा उघडा सेन्सर असता, तर पंप तासभर आधी सुरू झाला असता. पॅडजवळ सेन्सर लावला तर उलटे होते: तिथली हवा गार आणि दमट असल्याने पुढचे टप्पे उशिरा येतात.

पावसाळ्यात हाच क्रम घातक ठरू शकतो. जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब २६ च्या आसपास असतो आणि पॅड फार तर दीड अंश काढतो, पण आर्द्रता नव्वदच्या पुढे ढकलतो. म्हणून पंपाच्या अटीत आर्द्रतेचे कुलूप हवेच: आतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल, तर तापमान काहीही असो, पाणी सुरू होत नाही, फक्त पंखे चालतात. मालकांच्या सांगण्यानुसार जून ते सप्टेंबर ते पंपाचा स्विचच खाली पाडून ठेवतात. माझ्या मते कुलूप असताना त्याची गरज नाही, पण सेन्सर जुना झाला की आर्द्रतेचा आकडा आधी बिघडतो, हे त्यांचे कारणही खोडता येत नाही.

भेट देणाऱ्यांनी लाइटचा प्रश्न आवर्जून विचारावा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसभर नसते, आणि पंखे चालताना बाजूचे पडदे बंद ठेवावे लागतात, नाहीतर हवा पॅड सोडून पडद्याच्या फटीतून येते. अशा बंद घरात एप्रिलच्या दुपारी वीज गेली, तर काही मिनिटांत तापमान चाळिशी ओलांडते. या शेतावर जनरेटर आहे, शिवाय लाइट जाताच भोंगा वाजतो आणि माणूस हाताने पडदे गुंडाळतो. वीज परत आल्यावर चारही पंखे एकदम सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येकामध्ये तीस सेकंदांचे अंतर ठेवले आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि लहान जनरेटर तिथेच बसतो.

जाताना स्वतःचा ओला-कोरडा तापमापी न्यावा, शेतावरच्या कंट्रोलरच्या आकड्यांवर विसंबू नये. दुहेरी दारातून एका वेळी एकच दार उघडावे आणि पंखे चालू असताना दार धरून गप्पा मारू नयेत. ज्यांचे पॉलिहाऊस केवळ नैसर्गिक वायुवीजनाचे आहे, त्यांनी इथले आकडे तसेच उचलू नयेत. पंख्यांविना तिथे फॉगरची विश्रांती वाऱ्यावर अवलंबून राहते, म्हणून आठ-दहा मिनिटांपासून सुरुवात करून, झटक्यानंतर पाने किती वेळात कोरडी होतात ते पाहत ती हळूहळू कमी करावी.