पंपाआधीचा आणि व्हॉल्व्हआधीचा वाय स्ट्रेनर: हिंगण्यातील एका उन्हाळ्याचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात देखभालीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कूलिंग टॉवरच्या पाण्याची सगळी पाइपलाइन नवी होती आणि तिच्यावर जागोजागी वाय स्ट्रेनर, म्हणजे तिरप्या फाट्यातल्या जाळीत पाण्यातला कचरा अडवणारे गाळणे, बसवलेले होते. ठेकेदाराने काम नीटनेटके केले होते. मात्र पंपाच्या सक्शनवर म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूवर, मशीनच्या कंट्रोल व्हॉल्व्हआधी आणि तेलाच्या कूलरआधी, अशा तिन्ही ठिकाणी त्याने एकाच मापाची, ४० मेशची म्हणजे एका इंचात ४० छिद्रांची जाळी घातली होती. खरेदीच्या दृष्टीने ते सोयीचे होते. एप्रिल उजाडला, टॉवरवर भार चढला आणि पंप आवाज करू लागला. पंपहाउसमधला आमचा जुना फिटर म्हणाला, “साहेब, आतमध्ये गिट्टी फिरून राहिली.” पाण्याचा दाब फार घटला की पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, त्या कॅव्हिटेशनचे याहून अचूक वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

आमच्याकडे थंड पाण्याचा हौद जमिनीखाली आहे आणि पंप जमिनीवर, त्यामुळे पंपाला पाणी सुमारे ३ मीटर वर ओढून घ्यावे लागते. हौदातला पंप पाण्यात बुडालेला असता किंवा टाकी पंपाच्या वर असती, तर सक्शनची जाळी बऱ्यापैकी चोंदेपर्यंत कोणाला काही कळलेही नसते. येथे मात्र हिशेब काटेकोर आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात हवेचा दाब सुमारे ९.९ मीटर पाण्याइतका मिळतो. त्यातून ३ मीटर उंची गेली, ३५ अंशाच्या पाण्याच्या बाष्पदाबापोटी ०.६ मीटर गेले, आणि फूट व्हॉल्व्ह, पाइप, बेंड व स्वच्छ स्ट्रेनर यांच्या घर्षणापोटी ०.८ मीटर गेले. पंपाच्या तोंडाशी साडेपाच मीटर शिल्लक राहिले. ताशी ५० घनमीटर पाण्याला या पंपाची गरज, त्याच्या आलेखाप्रमाणे, साडेतीन मीटर होती. म्हणजे सगळी सवलत २ मीटरची, आणि ती जाळीवर बसणाऱ्या कचऱ्याने खाऊन टाकायची.

कचरा कोणता, हे जाळी काढून पांढऱ्या ट्रेमध्ये झटकल्यावर दिसले. आवाराच्या कुंपणापलीकडे सावरीची झाडे आहेत. एप्रिल-मेमध्ये त्यांची बोंडे फुटतात, कापूस वाऱ्यावर उडतो आणि टॉवरचा पंखा तो हवेबरोबर आत ओढतो. ४० मेशच्या जाळीचे छिद्र सुमारे ०.४ मिलिमीटरचे असते. कापसाचे तंतू त्यावर आडवे बसतात, त्यांच्यावर उन्हाळी वावटळीची बारीक माती आणि शेवाळ साचते, आणि जाळीवर ओल्या नमद्यासारखा एक थर तयार होतो. छिद्रे मोजायला गेले तर वाळूच्या कणांनी ती फारशी भरलेली नव्हती. पाणी अडवत होता तो हा थर.

सक्शनवर साधा प्रेशर गेज लावून हे दिसत नाही, कारण तेथे दाब वातावरणापेक्षा कमी असतो. मी स्ट्रेनर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम दाखवणारा गेज लावून घेतला. जाळी धुऊन पंप सुरू केला की काटा पाऱ्याच्या २९० मिलिमीटरच्या आसपास थांबे. आवाज सुरू होई तेव्हा तो ४४० च्या पुढे गेलेला असे. १५० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे २ मीटर पाणी, म्हणजे वर काढलेली सवलत बरोबर संपलेली. यानंतर पंप दुरुस्तीला पाठवण्याची चर्चा थांबली.

आता प्रश्न जाळीच्या मापाचा. जाळीच्या मागे जे उपकरण आहे, त्यातील सर्वांत अरुंद वाट किती, हे आधी पाहावे आणि जाळीचे छिद्र त्याच्या निम्म्याहून मोठे ठेवू नये. पण त्याहून फार बारीकही ठेवू नये, कारण मेशचा आकडा वाढेल तसे छिद्र लहान होते आणि जाळी लवकर भरते. आमच्या पंपाच्या इम्पेलरमधून १० मिलिमीटरचा खडासुद्धा निघून जाईल एवढी वाट आहे. त्याला ०.४ मिलिमीटरच्या कणापासून वाचवण्यात अर्थ नव्हता. म्हणून सक्शनच्या स्ट्रेनरमधील ४० मेशची जाळी काढून तेथे ३ मिलिमीटर छिद्रांचा, स्टेनलेस स्टीलचा नुसता छिद्रित पत्रा घातला. लाकडाचा ढलपा, टॉवरच्या फिलचा तुटलेला तुकडा, विसरलेला नट, एवढे अडवणे हे त्याचे काम आहे.

कंट्रोल व्हॉल्व्हची गोष्ट निराळी. मशीनवरचा तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह जेव्हा थोडासाच उघडा असतो, तेव्हा प्लग आणि सीट यांच्यामधली फट एखाद्या मिलिमीटरचीच असते. गंजाची एक खपली तेथे अडकली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मग सीटवर चरे पडतात. तेथे ४० मेश योग्य होती, आणि ती तशीच राहू दिली. पंपाच्या पुढे दाब भरपूर असल्याने तिथली जाळी थोडी भरली तरी बिघडत नाही. तेलाचा कूलर प्लेटचा आहे आणि त्यातील वाट ३ मिलिमीटरच्या आसपास. तेथे २० मेश, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर, पुरली. नव्या जोडलेल्या लाइनवर वेल्डिंगची खपली जाईपर्यंत काही काळ बारीक जाळी घालणे ठीक आहे, पण ती तात्पुरती असते आणि काढायची असते. आमच्याकडे ती सक्शनवर कायमची राहिली असावी, असा माझा तर्क आहे.

बारीक जाळी मागवताना ती छिद्रित पत्र्यावर चढवलेलीच घ्यावी. नुसती तारेची जाळी चोंदली की दाबाने फुगते आणि शिवणीपाशी फाटते.

स्वच्छतेचा नेम आम्ही दाबातल्या फरकावर ठेवला. व्हॉल्व्हआधीच्या स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना टॅपिंग आहेत. तेथे दोन गेज लावण्याऐवजी एकच गेज ठेवला आणि दोन कॉक देऊन तो आळीपाळीने दोन्ही बाजूंना जोडता येईल असे केले. दोन वेगवेगळ्या गेजमध्ये आपापसांतच ०.१ बारचा फरक असू शकतो आणि आपल्याला मोजायचे असते तेही जवळपास तेवढेच. स्वच्छ जाळीचा फरक पूर्ण प्रवाहात ०.०८ बार येतो. तो ०.३ बारपर्यंत गेला की जाळी उघडायची, असे ठरवले. पाळीचा ऑपरेटर रोज एकदा आकडा वहीत लिहितो. हा फरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे प्रवाह निम्मा झाला की फरक चौथ्या हिश्श्यावर येतो; म्हणून किती मशीन चालू होत्या, हेही त्याच ओळीत लिहायला लावले. धुतल्याशिवाय फरक अचानक कमी झाला, तर मात्र आनंद मानू नये. बहुतेक वेळा जाळी फाटलेली असते किंवा तिच्या बैठकीतून सरकलेली असते.

या स्ट्रेनरच्या टोपणाला ब्लो-डाउनचा कॉक आहे. वाय स्ट्रेनरमध्ये पाणी जाळीच्या आतून बाहेर जाते, त्यामुळे घाण जाळीच्या आत, खालच्या टोकाला साचते आणि पंप चालू असताना हा कॉक दहा-पंधरा सेकंद उघडला की वाळू आणि गंज गढूळ धारेबरोबर निघून जातात. तंतू आणि शेवाळ मात्र असे निघत नाहीत. ते जाळीत गुंतलेले असतात. सक्शनच्या स्ट्रेनरवर हा उपाय मुळीच करू नये. तेथे आत व्हॅक्यूम असतो. कॉक उघडला की घाण बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि पंप पाणी सोडतो. याच कारणाने सक्शनच्या टोपणाची गास्केट कच्ची असली तर बाहेर एक थेंबही गळत नाही, फक्त पंप मधूनमधून दम सोडतो. आम्ही तेथील कॉक काढून प्लग घातला आणि टोपण उघडताना दर वेळी नवी गास्केट वापरतो.

उघडण्याचा क्रम साधा आहे. पंप बंद करून फ्यूज काढून ठेवावा. व्हॉल्व्हआधीच्या स्ट्रेनरवर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, कॉक उघडून दाब उतरल्याची खात्री करावी आणि मगच टोपणाचे बोल्ट सैल करावेत. पहिला बोल्ट आपल्यापासून लांबचा. सक्शनच्या बाजूला डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करणे विसरू नये, नाहीतर वरच्या लाइनमधले पाणी पंपातून उलटे येते. काम झाल्यावर पंप पुन्हा पाण्याने भरून प्राइम करावा लागतो. जाळी नळाच्या धारेने बाहेरून आत अशी धुवावी, कारण घाण आतून बसलेली असते. नायलॉनचा ब्रश वापरावा, तारेचा नको. मग ती उजेडासमोर धरून फाटलेली जागा शोधावी. पांढरा खवला बसला असेल, तर सायट्रिक आम्लाच्या सौम्य पाण्यात भिजत ठेवल्याने सुटतो.

जाळीतले जे निघते ते नळाला लागू देण्याआधी ट्रेमध्ये पाहायची सवय लावली. तपकिरी खपली वाढली तर पाइप आतून गंजत आहे, हिरवा चिकट थर आला तर टॉवरच्या पाण्यातील औषधाची मात्रा अपुरी पडत आहे, आणि चकाकणारा धातूचा कीस दिसला तर लाइनमधील एखादा भाग झिजतो आहे.

पत्रा बसवल्यावर मे महिनाभर व्हॅक्यूमचा काटा ३२० च्या पुढे गेला नाही. पण सक्शनचा भार कमी झाला, तसा पुढच्या जाळ्यांचा वाढला. सावरीचा कापूस आता पंपातून पार होऊन ४० मेशवर अडकतो, आणि त्या जाळ्या उन्हाळ्यात आठवड्याला उघडाव्या लागतात, जेथे हिवाळ्यात महिन्याला एकदा पुरते. वाय स्ट्रेनरच्या पोटात जागाच थोडी असते. एवढ्या तंतूंसाठी दोन टोपल्यांचा बास्केट स्ट्रेनर हवा, ज्यात एक बाजू चालू ठेवून दुसरी धुता येते; त्याचा खर्च अजून मंजूर झालेला नाही. तोपर्यंत बोंडे फुटायच्या दिवसांत टॉवरमधून हौदात पाणी पडते त्या जागी लोखंडी चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी उभी केली आहे, आणि ती सकाळच्या पाळीचा हेल्पर पंप बंद न करता झटकून घेतो.