दोन सिम, तीन कामं: कुठला नंबर कुणाला?

माझा जुना नंबर फोंड्यात जवळजवळ सार्वजनिक मालमत्ता आहे. नाट्यमंडळाच्या हँडबिलावर तो ‘संपर्क’ म्हणून छापला जातो, जत्रेच्या स्मरणिकेत आमच्या छोट्याशा जाहिरातीखाली असतो, शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत तर शेकडो जणांना दिसतो. पगाराच्या खात्यालाही तोच जोडलेला होता. घरात त्या कंपनीची रेंज पावसाळ्यात धड राहत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, तेव्हा पहिल्यांदा विचार करावा लागला की बँकेला कुठला नंबर द्यायचा, खरेदीला कुठला आणि लोकांना कुठला.

पटकन सुचणारं उत्तर असं की, बँकेत जुना आहे तो राहू दे, नवा नंबर यापुढे दुकानांना आणि गटांना द्यायचा. मला ते पटलं नाही. हँडबिलावर छापलेला नंबर आता परत घेता येत नाही. तो ज्यांच्या फोनमध्ये माझ्या नावाने सेव्ह आहे, त्यांतल्या कित्येकांनी कॉलरचं नाव दाखवणारी अ‍ॅप्स घालून आपली सगळी यादी केव्हाच वर पाठवून दिलेली असणार. म्हणजे लपवण्यासारखा नंबर एकच उरतो, नवा. जे लपवायचं, ते त्यालाच जोडायला हवं.

नंबर नुसता माहीत असल्याने काय होतं, ते मी नवऱ्याच्या फोनवर करून पाहिलं. त्याच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये माझा जुना नंबर टाकला, आणि पैसे न पाठवताच माझं बँकेत असलेलं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट नि आडनावासकट, समोर आलं. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण हँडबिलावरून नंबर उचलणाऱ्याला माझं बँकेतलं नाव असं फुकट मिळतं. पुढचा फोन मग “मॅडम” म्हणून न येता पूर्ण नावानिशी येतो, आणि ऐकणाऱ्याला खरा वाटतो.

खरेदीचा नंबर ठरवताना घरात थोडी हुज्जत झाली. नवऱ्याचं म्हणणं, “खरेदी म्हणजे पैशांचंच काम, ते बँकेच्या नंबरावर ठेव.” वरवर बरोबर वाटतं, पण पार्सलवर नाव, घराचा पत्ता आणि नंबर एकत्र चिकटवलेला असतो. ते कागद डिलिव्हरीवाल्यांच्या हातून फिरतात आणि शेवटी कचऱ्यात जातात. बँकेचा नंबर तिथे असला, तर ठकवणाऱ्याला हवी असलेली सगळी माहिती एकाच चिठ्ठीवर मिळाली. शिवाय खरेदीच्या साइटला दिलेला नंबर आणि बँकेतला नंबर एक असावा लागत नाही. कार्डाने पैसे भरताना ओटीपी साइटला दिलेल्या नंबरावर येत नाही, बँकेत नोंदलेल्या नंबरावर येतो. हे कळल्यावर नवऱ्याचा मुद्दा उरला नाही. खरेदी गेली लोकांच्या नंबराबरोबर, म्हणजे जुन्यावर. तेवढ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा केला, नाहीतर पार्सल आणणारा प्रत्येक जण मला बघून घेणार.

बिल करताना नंबर मागणाऱ्या दुकानांचं काय? मी आता सरळ “नको” म्हणते. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलं आहे की नंबरासाठी अडून बसू नका. काउंटरवरची मुलगी जरा गोंधळते, पण बिल होतं.

नवा नंबर बँकेला देण्याआधी एक तपासणी केली, आणि हे फार जण करत नाहीत. ‘नवा’ नंबर बहुतेकदा कुणाचा तरी जुना असतो. बंद पडलेला नंबर ९० दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्याला देतात. म्हणून तो यूपीआयमध्ये टाकून पाहिला, कुणाचं नाव येतंय का. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचा फोटो दिसतो का, तेही पाहिलं. नाव आलं असतं तर मी ते सिम या कामाला वापरलंच नसतं. तरी नव्या नंबरावर एका कर्ज कंपनीचे हप्त्याचे मेसेज येऊ लागले, कुणा दुसऱ्याच्या नावाने. कंपनीला कळवल्यावर ते थांबले. बँका आणि यूपीआय अ‍ॅप्सनी बंद पडलेल्या व फिरून दिलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून आपल्या नोंदी दुरुस्त करायच्या, असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम एप्रिल २०२५ पासून आहे. बाकीच्या कंपन्यांना तो लागू नाही. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. माझ्या नावावर दोनच निघाली.

याच कारणासाठी जुना नंबर सोडून द्यायचा विचार मनातून काढला. मी सोडला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार, आणि ज्या जागी मी बदलायला विसरले असेन तिथले ओटीपी त्याला मिळणार.

माझी जाऊ एका बँकेत आहे, तिने क्रम सांगितला. “वहिनी, आधी बँक, मग यूपीआय, आणि जुनं सिम फोनमधून काढू नका. दोन्हीवर मेसेज येतील.” शाखेत फॉर्म आणि ओळखपत्र दिलं, दोन्ही नंबरांवर बदलाचा मेसेज आला. कुणी परस्पर नंबर बदलायला गेला तर जुन्या नंबरावर कळावं म्हणून हा मेसेज असतो. जुन्या नंबरावरचं यूपीआय बंद झालं, ते नव्यावर परत सुरू करावं लागलं. अ‍ॅप त्या सिमवरून स्वतः एक मेसेज पाठवतं, त्यामुळे दोन सिमच्या फोनमध्ये कुठलं सिम विचारल्यावर नीट बघून निवडायला हवं. सुरुवातीचे २४ तास मोठी रक्कम पाठवता येत नाही. घरभाडं किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नये.

आधारचाही नंबर बदलला. डिजिलॉकर आणि आयकराचं लॉगिन आधारच्या ओटीपीनेही करता येतं, आणि यूपीआय पिन आधारने लावायचा तर बँकेतला व आधारमधला नंबर एकच लागतो. आधार केंद्रावर बोटांचे ठसे दिले, ७५ रुपये भरले. नंबर बदलायला वेगळं कागदपत्र लागलं नाही.

इतकं करूनही एक भोक राहिलं होतं, आणि ते सापडलं मासळी बाजारात. बांगड्यांचे पैसे स्कॅन करून दिले, तर बाईच्या फोनवर माझ्या नावाखाली माझा यूपीआय आयडी, आणि त्यात अख्खा नवा नंबर! बरीच अ‍ॅप्स आयडी बनवताना पुढे मोबाइल नंबरच घालतात. म्हणजे बँकेचा म्हणून जपलेला नंबर मी रोज मासळीवाली, भाजीवाला, पेट्रोल पंप असा वाटत सुटले असते. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो. तो बनवून तोच मुख्य केला आणि नंबरवाला काढून टाकला. नंबर टाकून पैसे स्वीकारायची सोय वेगळी असते, तीही बंद केली. मग परत नवऱ्याच्या फोनवर तपासलं: नवा नंबर टाकला की नाव येत नाही.

तरी नाट्यमंडळातले लोक वर्गणी “तुझ्या नंबरवर टाकतो गो” म्हणतातच. त्यांना आयडी सांगत बसणं शक्य नाही. मग दुसऱ्या एका बँकेतलं जवळजवळ विसरलेलं खातं कामी आलं. ते जुन्या नंबरावर ठेवलं, त्यात महिन्याच्या वरखर्चापुरते पैसे, आणि त्यासाठी वेगळं यूपीआय अ‍ॅप, कारण बहुतेक अ‍ॅप्सना एका वेळी एकच नंबर जोडता येतो. बाजार, वर्गणी, रिक्षा सगळं त्यावरून. जुना नंबर टाकला की माझं नाव अजूनही दिसतं, पण त्या नावामागे आता पगार नाही, तीन-चार हजार आहेत.

फोनची सेटिंग्जही यात येतात. बाहेर जाणारा प्रत्येक कॉल जुन्या सिमवरून जाईल असं नेमून ठेवलं. नव्यावरून एकदा जरी कुणाला फोन लागला, तरी तो “नवीन नंबर” म्हणून सेव्ह होतो आणि मग परत त्या अ‍ॅप्सच्या यादीत जातो. नव्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलंच नाही. दोन्ही सिम एकाच फोनमध्ये असल्यामुळे फोन हरवला तर दोन्ही जातील, म्हणून नव्या सिमला पिन लावला आणि बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं केलं. त्याला डेटा लागत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशामुळे २०२५ पासून फक्त कॉल-मेसेजचे स्वस्त रिचार्ज मिळतात, त्यातला लांब मुदतीचा मारला. मुदत संपली की येणारे मेसेजही बंद होऊ शकतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

याचा उपयोग कसा कळतो ते सांगते. मध्यंतरी जुन्या नंबरावर फोन आला: पगाराच्या बँकेचं नाव, माझं पूर्ण नाव, “केवायसी संपलंय, आज खातं बंद होईल.” आवाज एकदम ऑफिसातल्यासारखा. पूर्वी मी निदान ऐकून तरी घेतलं असतं. पण त्या बँकेकडे हा नंबर आता नाहीच. त्यामुळे तो काय बोलतो यावर विचार करायची गरज उरली नाही, फोन ठेवला आणि संचार साथीवर संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षू’ सोयीत तो नंबर कळवला. नव्या नंबरावर असा फोन आला तर मात्र डोकं वापरावं लागेल. बँकांचे सेवेचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायचे आहेत, आणि तिथूनही कुणी ओटीपी मागितला तर ठेवून द्यायचा.

दुसऱ्या खात्याच्या बँकेचं नाव घेऊन कुणी जुन्या नंबरावर फोन केला तर ही खूण चालणार नाही, हे मला माहीत आहे. तिथे वाचवणार ती फक्त कमी शिल्लक.

विमा पॉलिसी आणि गॅस अजून जुन्यावरच आहेत. विम्याचा बदलायचा आहे, कारण मुदत संपल्यावरच्या पैशांचे मेसेज नोंदलेल्या नंबरावरच येतात. गॅसचा नाही बदलणार. सिलिंडरवाल्या मुलाकडे तो नंबर कधीचा आहे आणि त्याला माझं पगाराचं खातं ठाऊक असायचं कारण नाही.