आमची वाटचाल: बिलावरच्या किमतीपासून बॅटरीच्या आकड्यापर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत २०१६ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने मोबाइल दुरुस्तीचं टेबल मांडलं. जुने मोबाइल घेऊन विकायचे असं काही ठरवलेलं नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या मोबाइलबद्दल गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू दे दादा, तुम्हीच ठेवा, काय द्यायचं ते द्या." मग आम्ही तो हातात घेऊन उलटसुलट बघायचो, बिलावरची किंमत विचारायचो आणि वर्षाला निम्मी अशा हिशेबाने आकडा सांगायचो. पहिली तीन वर्षं आमचा भाव असाच, डोळ्यांनी ठरायचा.

२०१९ मध्ये एक आयफोन ८ घेतला. काचेवर ओरखडा नाही, कडा स्वच्छ, सेटिंगमध्ये बॅटरीचं Maximum Capacity १०० टक्के. खूश होऊन चांगला भाव दिला आणि दोन दिवसांत विकलाही. घेणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी होते, दिवसभर गडहिंग्लज-आजऱ्याकडे फिरतीवर. नवव्या दिवशी ते परत आले. ३० टक्के चार्जिंग दिसत असताना मोबाइल बंद पडत होता. भावाने तो त्यांच्यासमोरच उघडला. बॅटरीखालच्या चिकट पट्ट्या कंपनीच्या नव्हत्या, बॅटरीही साधी कॉपी होती आणि १०० हा आकडा मशिनवर लिहून बसवलेला होता. आम्ही पैसे परत केले. त्या गृहस्थांना दोन दिवस डॉक्टरांचे फोन घेता आले नव्हते, त्याची भरपाई आम्ही करू शकलो नाही, आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून वापरलेल्या मोबाइलवर १०० टक्के दिसलं की आम्ही आनंद मानत नाही, आधी शंका घेतो. दीड-दोन वर्षं रोज वापरलेल्या आयफोनची बॅटरी ८२ ते ९० टक्क्यांच्या आसपास असणं हेच स्वाभाविक. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलबद्दल कंपनीच सांगते की ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के क्षमता राहावी अशी बॅटरी बनवली आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० वेळा असा धरला आहे. बॅटरी बदललेली असणं हा गुन्हा नाही. अधिकृत केंद्रात बदलली असेल आणि पावती असेल तर आम्ही भाव वाढवून देतो. पण सेटिंगमधल्या About मध्ये बॅटरीपुढे Unknown Part असं आलं, तर आम्ही ती बॅटरी शून्य धरतो आणि नवीन बसवायचा पूर्ण खर्च वजा करतो. आयफोन ८ सारख्या जुन्या मॉडेलवर ही सूचना येतच नाही. तिथे पूर्ण प्रकाशावर अर्धा तास व्हिडिओ लावून किती टक्के उतरतात ते बघणं एवढंच हातात राहतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बदललं. शाळा मोबाइलवर भरू लागल्या आणि चार-सहा हजारांत चालणारा मोबाइल मागायला पालक येऊ लागले. एका घरात दोन मुलं, मोबाइल एक, तोही वडिलांसोबत कामावर. त्या लोकांना फसवून चालणार नव्हतं, आणि महिन्याला चार मोबाइलऐवजी चाळीस घेताना डोळ्यांच्या अंदाजावर राहून आमचंही चालणार नव्हतं. तेव्हा आम्ही वही केली. प्रत्येक मोबाइलचा भाव कागदावर, देणाऱ्याच्या समोर मांडायचा असं ठरवलं आणि मांडणीची दिशाच उलटी केली. देणाऱ्याने काय मोजलं होतं तिथून सुरुवात करायची नाही. पुढचा माणूस आज किती मोजेल आणि घेतल्यावर त्याला अजून किती खर्च येईल, तिथून मागे यायचं.

एक हिशेब तसाच वहीतून देतो. नोव्हेंबर २०२३, आयफोन १३, १२८ जीबी. देणारे बँकेत नोकरीला. डिसेंबर २०२१ मध्ये ७९,९०० रुपयांना घेतलेला, बिल आणि बॉक्स सोबत. त्यांची अपेक्षा ५५ हजार. म्हणाले, "ऐंशीचा आहे हो, दोनच वर्षं झालीत." बोलण्यात काही खोट नव्हती. पण मधल्या दोन वर्षांत कंपनीनेच त्या मॉडेलची किंमत आधी ६९,९०० आणि मग ५९,९०० केली होती, आणि त्या आठवड्यात ऑनलाइन तो कोरा करकरीत ५१ हजारांच्या आसपास मिळत होता. वर्षभराच्या वॉरंटीचा कोरा मोबाइल ५१ ला मिळत असेल, तर वापरलेला निदान वीस टक्के स्वस्त मिळाल्याशिवाय कुणी हात लावत नाही. म्हणजे अगदी निर्दोष असता तरी आमच्या काउंटरवर त्याचा कमाल भाव ४१ हजार.

आता वजाबाकी. बॅटरी ८४ टक्के होती. ती आज चालते, पण पुढचा मालक ती वर्षभरात बदलणार. पूर्ण खर्च कापणं देणाऱ्यावर अन्याय आणि काहीच न कापणं घेणाऱ्यावर. आम्ही ३ हजार कापले. ८० च्या खाली असती तर पूर्ण खर्च कापला असता. खालच्या कोपऱ्यावर फ्रेमला खड्डा होता, मोबाइल पडल्याची खूण. काच, कॅमेरा आणि सिम ट्रेच्या आतली ओलाव्याची खूण तिन्ही तपासली. ती खूण पाणी लागलं की लाल होते, इथे पांढरीच होती. म्हणून खड्ड्याचे फक्त १ हजार. विक्रीचा भाव आला ३७ हजार. त्यातून आमचा नफा, महिन्याची दुकानाची वॉरंटी आणि कर मिळून साडेचार हजार. उरले ३२,५००.

ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग एकेक ओळ विचारली, आणि शेवटी ३३ हजारांना दिला. आम्ही तो बाराव्या दिवशी ३६,५०० ला विकला. साडेतीन हजारांचा फरक. जुन्या वस्तूच्या धंद्यात खरेदी-विक्रीच्या फरकावर जीएसटी भरायची सोय आहे, त्यामुळे त्यातले पाचशेच्या वर करात गेले. बारा दिवस पडून राहिला हे आमच्या हिशेबात थोडं जास्तच. दरवर्षी गणपतीच्या सुमारास नवा आयफोन येतो आणि जुन्याचे भाव एका रात्रीत घसरतात, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही आयफोन घ्यायला हात आखडतो.

अँड्रॉइडचं गणित वेगळं, कारण बऱ्याच मॉडेलवर बॅटरीचा विश्वासाचा आकडाच दिसत नाही. यावर भावाने काढलेली युक्ती मला आजही आवडते. चार्जर आणि वायर यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो. मोबाइलचा डिस्प्ले बंद ठेवून २० टक्क्यांपासून ८० पर्यंत चार्ज करायचा आणि मीटरवर किती वॉट-अवर वीज गेली ते लिहायचं. एमएएच बघायचं नाही, कारण फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज बदलतं आणि तो आकडा फसवतो. त्याच मॉडेलच्या नव्या, ५००० एमएएचच्या मोबाइलला आमच्याकडे १३.२ वॉट-अवर लागले होते. जुन्याला १०.९ लागले, म्हणजे बॅटरी साधारण ८३ टक्के उरली. मोबाइल दाखवतो ते टक्के त्याच्या आजच्या क्षमतेचे असतात, म्हणूनच दमलेली बॅटरी कमी विजेत भरते. चार्जर आणि वायर दोन्ही वेळेला तीच हवी, नाहीतर तुलना चुकते. पाऊण-एक तास जातो, पण तेवढ्यात बाकीची तपासणी होते.

त्या तपासणीत सगळ्यात मोठा पैसा डिस्प्लेचा. अमोलेड डिस्प्ले फुटला की बाहेर स्वस्तातला एलसीडी बसवून देतात आणि दिवसाउजेडी कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही काउंटरखाली अंधारात पूर्ण काळा फोटो लावतो. अमोलेड असेल तर काच विझल्यासारखी दिसते, एलसीडी मागून राखाडी उजळलेला दिसतो. डिस्प्लेवर बोट लावून उघडणाऱ्या मोबाइलचं ते सेन्सर बंद असेल तरी हाच संशय. अशा मोबाइलला आम्ही मूळ डिस्प्लेच्या निम्म्या खर्चाएवढी कपात लावतो आणि विकताना पावतीवर "डिस्प्ले बदललेला" असं लिहून देतो.

सोबतच्या वस्तूंबद्दल लोकांचा गैरसमज फार. कव्हर, टेम्पर्ड ग्लास, जुने इयरफोन यांचे आम्ही काहीच देत नाही, देणाऱ्याला परत करतो. आयफोन १२ पासून बॉक्समध्ये चार्जर येतच नाही, तेव्हा तिथे त्याचा प्रश्नच नाही. पण वनप्लस किंवा रियलमीचा मूळ फास्ट चार्जर आणि त्याचीच वायर असेल तर हजार रुपये जास्त देतो. साध्या चार्जरवर ते मोबाइल रडतखडत चार्ज होतात आणि पुढच्या मालकाला मूळ चार्जर विकत घ्यावा लागतो. सगळ्यात मोलाचं मात्र बिल. `*#06#` दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतःचा ओळख नंबर, बिलावर आणि बॉक्सवर जुळला पाहिजे. नुसता बॉक्स पुरत नाही, नंबरचं स्टिकर छापलेले बॉक्सही बाजारात फिरतात. २०२३ मध्ये सरकारचं संचार साथी पोर्टल सुरू झाल्यापासून आम्ही १४४२२ वर `KYM` आणि पुढे आयएमईआय असा एसएमएस करतो. नंबर ब्लॉक दिसला तर भावाची बोलणीच होत नाहीत. बिल नसेल तर देणाऱ्याचं ओळखपत्र, फोटो आणि सही घेतल्याशिवाय आम्ही मोबाइल ठेवून घेत नाही, आणि घेतला तरी भाव कमी.

वयाचं एक राहिलं. गेल्याच वर्षी घेतला म्हणून मोबाइल एक वर्षाचा होत नाही. तीन वर्षांपूर्वी बाजारात आलेलं मॉडेल गेल्या दिवाळीत ऑफरमध्ये घेतलं असेल, तर त्याचे सुरक्षा अपडेट मॉडेल आलं त्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून वहीत आता तीन रकाने आहेत: बिलाची तारीख, मॉडेल बाजारात आल्याची तारीख आणि अपडेट कधी संपणार. अपडेट संपायला वर्षाहून कमी राहिलं असेल तर तो मोबाइल आम्ही बँकेचे व्यवहार करणाऱ्या माणसाला विकत नाही. शेतावर गाणी ऐकायला, आजीला व्हिडिओ कॉलला हवा असेल तर हे सगळं सांगून, कमी भावात देतो. मागच्या आठवड्यात असाच एक मोबाइल कागलच्या एका आजोबांनी नेला. मीटरवर बॅटरीची उरलेली क्षमता ७९ टक्के निघाली होती, ते पावतीवर लिहिलं आणि ४,२०० ला दिला. त्यांनी पावती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मग सिम घालायला सांगितलं.