आमची वाटचाल : वांगी रंगाची साडी ट्यूबखाली निळी का दिसते?

कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या आसपासच्या बहुतेक साडी दुकानांसारखंच आमच्याही दुकानाचं झालं. आधी काउंटरवरची विक्री होती, मग व्हॉट्सॲपवर फोटो जाऊ लागले आणि फोटोबरोबर परतीच्या साड्याही येऊ लागल्या. परत येणाऱ्या मालाची वही नीट चाळली तेव्हा दिसलं की तक्रार सगळ्या रंगांची नाही. हळदी, पोपटी, आकाशी क्वचितच परत येतात. वारंवार येतात त्या वांगी, वाइन, जांभळ्या आणि काही राणी. म्हणणंही ठरलेलं असतं: "दादा, फोटोत निळसर होती, ही तर लालसर निघाली." सांगणाऱ्या ताई खोटं बोलत नाहीत आणि साडीही बदललेली नसते.

पहिल्या टप्प्यात आम्ही सगळा दोष मोबाइलला दिला. तो अर्धाच बरोबर होता. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स चौकटीतले रंग बघून उजेड कसा असेल याचा अंदाज बांधतो. अख्ख्या चौकटीत लाल साडीच पसरली असेल तर उजेडच लाल आहे असं त्याला वाटतं आणि तो फोटो निळा-हिरव्याकडे ढकलतो. म्हणून त्याच साडीचा जवळून काढलेला आणि लांबून काढलेला फोटो वेगळा येतो. पण हा दोष नंतर सुधारता येतो. दुसरा दोष सुधारता येत नाही, आणि कोणता दोष कुठला हे ओळखायलाच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ओळखायची युक्ती सोपी आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारं राखाडी कार्ड साडीच्या पदराला टेकवून, साडीच्या पातळीतच ठेवायचं. एक फोटो दुकानात ट्यूबखाली काढायचा, दुसरा दारात, दिवसाच्या उजेडात. मग मोबाइलच्या एडिटिंग ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर दोन्ही फोटोंत त्या कार्डावर टेकवायचा, म्हणजे दोन्हीकडचं कार्ड सारखंच राखाडी होतं. आता साडीही सारखी दिसली तर दोष कॅमेऱ्याच्या अंदाजाचा होता. कार्ड जुळलं तरी साडी जुळत नसेल तर दोष उजेडातच आहे. पिवळी साडी या परीक्षेत बहुधा पास होते. वांगी साडी नापास होते.

कार्डाऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नये. कागदात चकाकीसाठी असं रसायन असतं जे उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतं. त्या कागदावरून रंग जुळवला की उन्हातला फोटो पिवळट होतो. पांढऱ्या कॉटन साड्यांचंही हेच असतं: उन्हात दुधासारख्या, ट्यूबखाली किंचित मळकट.

आता वांगी साडीच नापास का होते ते बघू. वांगी रंग डोळ्याला एकच वाटतो, पण साडीवरून दोन रंगांचा उजेड परत येतो: एक निळा आणि दुसरा गडद लाल. मधला हिरवा-पिवळा उजेड साडीतच गिळला जातो. गडद लाल म्हणजे टोकाचा लाल, साधारण ६४० नॅनोमीटरच्या पुढचा. उन्हात हा लाल भरपूर असतो, त्यामुळे साडी निळा आणि लाल दोन्ही परत देते आणि वांगी दिसते. साध्या एलईडी ट्यूबमध्ये निळ्या प्रकाशाची एक ठळक शिखा असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपास. तिच्यावरच्या पिवळ्या लेपातून हिरवा, पिवळा, नारिंगी निघतो, पण टोकाचा लाल फार थोडा. ट्यूबने जे दिलंच नाही ते साडी परत कुठून देणार? निळा तेवढा परत येतो आणि साडी नेव्हीकडे झुकते.

राखाडी कार्ड मात्र सगळे रंग सारख्या प्रमाणात परत देतं. ट्यूबमधल्या नारिंगीवरच कॅमेऱ्याचा लालचा वाटा भरतो आणि कार्ड व्यवस्थित राखाडी दिसतं. म्हणून कार्ड बरोबर, साडी चूक. ॲपमध्ये लाल वाढवला तर साडी वांगी होते खरी, पण जरतार आणि हिरवा काठ दोन्ही तांबूस होतात. काठ सांभाळला तर अंग बिघडतं. अशी ओढाताण सुरू झाली की एडिटिंग थांबवून उजेड बदलावा.

जुन्या चोकच्या ट्यूबची अडचण आणखी वेगळी. तिचा उजेड ठरावीक रंगांच्या रेघांमध्ये तुटक येतो आणि सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर फार जलद ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा रंग वेगळा येतो. १/५० किंवा १/१०० शटरवर हा त्रास जातो, रंगांची तूट जात नाही.

मग उन्हातच फोटो का काढू नयेत? आम्ही काही दिवस काढले. थेट उन्हात रेशीम आणि जरतार इतके चमकतात की लाल रंगाची नोंद वरच्या टोकाला जाऊन अडकते. राणी रंग सपाट होतो, निऱ्यांची घडीसुद्धा दिसत नाही. संध्याकाळी पाचनंतरचं ऊन सगळ्यांवरच केशरी हात फिरवतं. शिवाय कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मिळणार किती?

शेवटी सावलीतला दिवसाचा उजेड ठरला. तो निळसर असतो, पण त्यात सगळे रंग असतात, त्यामुळे निळसरपणा कार्डावरून निघून जातो. वेळ सकाळी दहा ते बारा. स्टँड दारापासून आत तीन-चार फुटांवर, ऊन थेट पडणार नाही असा. दुकानातल्या सगळ्या ट्यूब बंद, कारण एका बाजूने दिवस आणि दुसऱ्या बाजूने ट्यूब पडली की एकाच साडीवर दोन उजेड होतात आणि व्हाइट बॅलन्स त्यातला एकच सुधारू शकतो. दोन्ही बाजूंना पांढरी चादर टांगतो. आमची एक भिंत पिस्ता रंगाची होती आणि तिचा हिरवा प्रत्येक मोती रंगाच्या साडीत उतरायचा. मोबाइल प्रो मोडवर, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का, एक्स्पोजर थोडं कमी. पहिला फोटो कार्डासकट, पुढचे कार्डाशिवाय, आणि पहिल्याची दुरुस्ती सगळ्यांना.

पावसाळ्यासाठी दिवे घेताना आम्ही एक चूक केली. खोक्यावरचा Ra ८० बघून समाधान मानलं. Ra ही दिव्याखाली आठ फिकट रंग किती खरे दिसतात याची सरासरी आहे, गडद लालाचा आकडा R9 म्हणून वेगळा असतो. Ra ८० असलेल्या दिव्याचा R9 शून्याजवळही असू शकतो, म्हणजे वांगी साडीसाठी तो दिवा आणि जुनी ट्यूब सारखेच. आता Ra ९५ च्या पुढचे आणि R9 खोक्यावर छापलेलेच दिवे घेतो, ५००० ते ५६०० केल्विनचे. दोन दिवे, दोन्ही बाजूंनी तिरके.

धूपछाव साडीला यातलं काहीच पुरत नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलणारच. तिचे दोन फोटो पाठवतो, एक समोरून आणि एक कडेने.

एवढं करूनही वांगी साडी फोटोत प्रत्यक्षापेक्षा कणभर निळी येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरची गाळणी अदृश्य उष्ण किरण अडवताना टोकाचा लालही थोडा कापते. त्यामुळे अशा साडीच्या फोटोखाली आम्ही एक ओळ लिहितो: "प्रत्यक्षात किंचित लालसर. रात्री घरच्या ट्यूबखाली निळसर दिसेल, सकाळी खिडकीत बघा." ज्यांना लग्नाच्या हॉलमध्ये नेसायची असते त्या ताई हल्ली उलटं विचारतात, "हॉलच्या दिव्यात कशी दिसेल?" त्यांना मुद्दाम ट्यूबखालचाही एक फोटो पाठवतो.