फॉरवर्डिंग पत्त्यावरून अमेरिकेतली हत्यारं मागवली आणि गाडी अडली पैसे भरल्याच्या पुराव्यावर

लाकूडकामाचा नाद आहे मला, गोरेगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जेवढा भागवता येतो तेवढा. एक छोटा रंधा आणि पटाशींचा सेट हवा होता. नागदेवी स्ट्रीट पालथी घातली, तसला माल मिळाला नाही आणि अमेरिकेतलं दुकान भारतात पाठवत नाही. मग फॉरवर्डिंगवाल्याकडे, म्हणजे तुमचा माल अमेरिकेतल्या आपल्या गोदामात घेऊन भारतात पाठवणाऱ्याकडे, खातं काढलं, डेलावेअरमधला पत्ता मिळाला. डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही हा यातला मोठा फायदा, टॅक्स असलेल्या राज्यातला पत्ता असता तर तो दुकानातच कापला गेला असता. पत्त्यात तुमचा स्वतःचा सूट नंबर, म्हणजे तुमच्या खात्याचा क्रमांक असतो तो टाकायला विसरू नका, नाहीतर गोदामात तुमचा खोका कुणाचाच नसतो.

ऑर्डर द्यायच्या आधी मी कागदावर हिशोब मांडला. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरतो. कूपन लावून माल २०० डॉलर, म्हणजे १८,००० रुपये. तिथून मुंबईपर्यंतचं भाडं ५० डॉलर, म्हणजे ४,५००. आता ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही, माल अधिक भाडं अधिक विमा यावर लागते. पण विमानाने येणाऱ्या मालाचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही असा कस्टम्सच्या मूल्यांकनाचा नियम आहे, बऱ्याच लोकांना तो माहीतच नसतो. म्हणजे माझे ५० नाही, ४० डॉलरच धरायचे. विम्याचा आकडा नसेल तर मालाच्या १.१२५ टक्के धरतात, ते झाले सव्वादोन डॉलर. एकूण २४२.२५ डॉलर, म्हणजे साधारण २१,८०० रुपये.

यावर माझ्या हत्यारांना मूळ ड्युटी १० टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज, आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. टॅक्सवर टॅक्स आहे, म्हणून नुसती १० अधिक १८ अशी बेरीज करू नका, खरा आकडा ३०.९८ टक्के येतो. झाले जवळपास ६,७५०. वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर जीएसटी, ते ९३० च्या आसपास. कुरिअरवाला तुमच्या वतीने ड्युटी भरतो त्याची वेगळी फी, मी ७०० धरली होती. सगळं मिळून जवळपास ३१,००० रुपये. १८ हजारांची वस्तू ३१ हजारांना पडते हे आधी कळलं म्हणून शांतपणे ठरवता आलं, घ्यायचीच ती.

इथपर्यंत सगळं मस्त. माल गोदामात आला, निघाला, ट्रॅकिंगवर मुंबई दिसलं. आणि मग स्टेटस आलं की क्लिअरन्ससाठी थांबवलंय, केवायसी आणि पैसे भरल्याचा पुरावा द्या. केवायसीचं झालं एकदाचं. माझ्या आधारवर साताऱ्याचा पत्ता आहे आणि पार्सल गोरेगावला, म्हणून भाडेकरार जोडावा लागला. खरा ताप पुढे.

मी दुकानाचं इनव्हॉइस आणि कार्डाचं स्टेटमेंट पाठवलं. उत्तर आलं, "सर, अमाउंट मॅच होत नाही." कसं होईल? इनव्हॉइसवर आधी २२० डॉलर, खाली कूपन वजा करून २००. फॉरवर्डिंगवाल्याने आपल्या इनव्हॉइसवर २२० च छापलेले. स्टेटमेंटवर रुपये, आणि मार्कअप वेगळ्या ओळीत. त्यातून दुकानाने रंधा आणि पटाश्या वेगवेगळ्या दिवशी पाठवल्या म्हणून कार्डवरही दोन वेळा पैसे घेतलेले, एकदा १३० आणि एकदा ७० डॉलर. म्हणजे तीन कागद आणि एकावरचा आकडा दुसऱ्यावर नाही. हेल्पलाइनवरचे लोक बिचारे नम्रपणे तेच वाक्य वाचून दाखवायचे, मेल केला की दुसऱ्याच कुणाचं उत्तर यायचं की पुरावा जोडा, जो आधीच्या मेलमध्ये जोडलेलाच असायचा. आणि माल जितका पडून राहतो तितकं टर्मिनलचं भाडं चढतं, ते कुणी आपणहून सांगत नाही.

शेवटी मी ठरवलं की जुळवाजुळव यांच्यावर सोडायची नाही. एका पानावर सगळं मांडलं. वर दुकानाचा ऑर्डर नंबर, त्याखाली छापील किंमत २२०, कूपन २०, भरलेले २००. त्याखाली दोन ओळी, तारखेसकट १३० आणि ७०, समोर स्टेटमेंटवरची रुपयांची रक्कम आणि ती कुठल्या पानावर आहे ते. माझ्या बँकेच्या स्टेटमेंटवर परदेशी व्यवहाराच्या शेजारी बारीक अक्षरात डॉलरचा आकडाही असतो, त्यावर पिवळा मार्कर मारला. मार्कअपच्या ओळीसमोर लिहिलं की ही बँकेची फी आहे, मालाची किंमत नाही. फॉरवर्डिंगवाल्याकडून इनव्हॉइस २०० चं करून घेतलं. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये, विषयात एअरवे बिल नंबर. मग मात्र कुणी काही विचारलं नाही, माल सुटला. खरं सांगतो, डिलिव्हरीवाल्याला पाणी विचारायच्याही आधी मी बिल वाचायला घेतलं.

२२० वर बसले असते तर ड्युटी पावणेसातशेने जास्त गेली असती, म्हणून भांडलो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आयात करताना कस्टम्सकडे भरतात तो कागद, त्याची कॉपीही मागून घेतली, त्यात भाड्याच्या रकान्यात ४० डॉलरच धरलेले दिसले. ही कॉपी तुम्हीही मागाच, नुसत्या कुरिअरच्या पावतीवरून काही कळत नाही. त्यातच ड्युटीच्या दरासाठी कुठल्या हेडिंगखाली, म्हणजे वर्गात, माल टाकलाय तेही दिसतं. वैयक्तिक वापरासाठीचं ९८०४ हे वेगळं हेडिंग आहे, त्याचा दर बजेटमध्ये बदलत आलाय, तेव्हा कुरिअरला आधीच विचारा माल कशात टाकणार, आणि त्या दराने हिशोब करा.

हां, वजनाचं राहिलंच. भाडं खऱ्या वजनावर किंवा आकारावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. माझा माल २.४ किलोचा, पण दुकानाचा खोका ४० बाय ३० बाय २०, म्हणजे हिशोबात ४.८ किलो. दुप्पट, आणि खोक्यात निम्मा भुसाच! गोदामातून दुसऱ्या खोक्यात भरून घेतला, ३० बाय २२ बाय १८, तेव्हा तोच आकडा २.४ च्या खाली आला. वर भाड्याचे ५० डॉलर लिहिलेत ते या लहान खोक्याचे. हे पाठवा म्हणायच्या आधीच सांगायचं असतं.

ऑर्डर देताना दुकानाने कार्ड नाकारलं तर घाबरू नका, बिलिंग पत्ता भारतातला आणि शिपिंग अमेरिकेतला बघून काही दुकानं अडवतात, त्यांना मेल केला की बहुतेक वेळा सोडतात. कार्डवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा. आणि कुणी "गिफ्ट लिहून टाक, ड्युटी लागत नाही" म्हणालं तर कान देऊ नका, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून गिफ्टवरची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली.